कडेला जाड, मधे पातळ: अशा स्लॅबचं काँक्रीट कसं मोजायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात जुन्या गावठाणात घरं एकमेकांना खेटून असतात. भिंतीला भिंत, मधे बोटभर जागा नाही. जुन्या घरांवर कौलं होती तोवर दोन पाखांचं पाणी पुढच्या गल्लीत आणि मागच्या परसात पडायचं. स्लॅब आला तसा प्रश्न उभा राहिला, की कणकुंबी-जांबोटीकडून भरून येणारा हा पाऊस गच्चीवरून सोडायचा कुठे? शेजाऱ्याच्या भिंतीकडे उतार दिला की पहिल्याच आषाढात भांडण ठरलेलं. म्हणून कितीतरी ठिकाणी गच्चीचा उतार चारी बाजूंनी आत देतात आणि मधल्या कॉलमला लागून पाईप खाली उतरवतात. खालून सेंटरिंग सपाट आणि वरून बशीसारखा उतार असल्यामुळे स्लॅब कडेला जाड आणि मधे पातळ होतो.

अशा स्लॅबचं काँक्रीट मोजताना जवळजवळ प्रत्येक नवशिक्या एकच चूक करतो. मीही केली होती, तीही आमच्याच मामांच्या घरावर. तेव्हा ती चूक आणि तिच्यावरचा उपाय त्याच घराच्या आकड्यांनी सांगतो.

नकाशावर काय होतं

स्लॅब बाहेरून बाहेर ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. इंजिनिअरनी कडेची जाडी १७५ मिलिमीटर आणि मधे पाईपच्या तोंडाशी १२५ मिलिमीटर दिली होती. खाली चारी बाजूंना बीम, शिवाय मधे आडवा एक आणि उभा एक. फरक ५० मिलिमीटरचा, म्हणजे रुंदीच्या बाजूने ३ मीटरात ५० मिमी उतार, साठात एक. लांबीच्या बाजूने साडेचार मीटरात तेवढाच, नव्वदात एक. गच्चीला शंभरात एक उतार बहुतेक वेळा पुरतो, त्यामुळे पाण्याची बाजू ठीक होती.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. नकाशात "स्लॅब १२५" एवढंच लिहिलेलं असेल तर ती जाडी कुठली हे इंजिनिअरला विचारा. अशा स्लॅबमध्ये सर्वांत पातळ जागी, म्हणजे मधे, किमान जाडी मिळालीच पाहिजे. कडेला १२५ धरून मधे ७५ करणं म्हणजे लोखंडावर काँक्रीटच उरत नाही. मामांच्या गल्लीत एका मेस्त्रींनी मला अगदी सहज विचारलं होतं, "कडेनं पाच इंच धरून आत उतरवू या का? सिमेंट वाचंल." तसं करायचं नाही. उतार नेहमी किमान जाडीच्या वर चढवायचा.

सरासरी का फसते

मी काय केलं होतं? कडेला १७५, मधे १२५, सरासरी १५०. क्षेत्रफळ ९ गुणिले ६, म्हणजे ५४ चौरस मीटर. ५४ ला ०.१५० ने गुणलं, ८.१० घनमीटर आले. वहीत लिहिलं, सिमेंट मागवलं.

खरा आकडा ८.५५ घनमीटर आहे. जवळजवळ अर्धा घनमीटर कमी धरला होता.

कारण समजून घेतलंत तर सूत्र पाठ करावं लागणार नाही. कडेपासून मध्यापर्यंत बरोबर अर्ध्या वाटेवर जाडी १५० असते. तिथे चारी बाजूंनी एक चौकट आखल्याची कल्पना करा. ती चौकट साडेचार मीटर लांब आणि ३ मीटर रुंद होते. तिच्या आतली जागा साडेतेरा चौरस मीटर, म्हणजे ५४ चा फक्त पाव हिस्सा. १५० पेक्षा पातळ स्लॅब एवढाच. बाकीचा पाऊण स्लॅब १५० पेक्षा जाड आहे. पातळ जागा मधे गोळा झालेली आणि जाड जागा चारी कडांनी पसरलेली, मग दोघांना समान वजन देऊन सरासरी कशी चालेल?

आता हेच उलट बाजूने बघा. सगळा स्लॅब कडेइतका, म्हणजे १७५ जाड भरला असता तर ५४ गुणिले ०.१७५, म्हणजे ९.४५ घनमीटर लागले असते. त्यातून वरची बशी कोरून काढली आहे. ही बशी म्हणजे उलटा ठेवलेला पिरॅमिड: तळ ९ बाय ६ चा, उंची ०.०५ मीटर. पिरॅमिडचं घनफळ तळ गुणिले उंची भागिले तीन. ५४ गुणिले ०.०५ म्हणजे २.७०, त्याचा तिसरा हिस्सा ०.९०. तेवढी हवा. ९.४५ मधून ०.९० वजा केले की ८.५५ राहतात.

तीन कोपऱ्यांची रीत

पिरॅमिडचं सूत्र चार कडा सारख्या जाडीच्या असतील तेव्हाच थेट लागतं. साइटवर एवढं सरळ क्वचित असतं. म्हणून मी आता सगळीकडे एकच रीत वापरतो. स्लॅबचा वरचा भाग सपाट त्रिकोणांत तोडायचा. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवरच्या जाड्या मिळवून तीनने भागायचं आणि त्या सरासरीला त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने गुणायचं. वरची बाजू त्या त्रिकोणापुरती सरळ प्रतलात असली, की उत्तर तंतोतंत येतं, अंदाजाचं नाही.

मामांच्या स्लॅबवर चार कोपऱ्यांपासून मधल्या पाईपपर्यंत चार रेषा मारल्या की चार त्रिकोण पडतात. प्रत्येकाचे दोन कोपरे कडेला आणि एक मधे. १७५ अधिक १७५ अधिक १२५ म्हणजे ४७५, भागिले तीन म्हणजे १५८.३ मिमी. चारही त्रिकोणांची सरासरी तीच, त्यामुळे ५४ गुणिले ०.१५८३, पुन्हा ८.५५.

यातून एक गंमत कळते. पाईप बरोबर मधे नसून एका बाजूला सरकलेला असला, तरी कडा सारख्या असतील तोवर काँक्रीट तेवढंच लागतं. त्रिकोण लहानमोठे होतात, पण त्यांची बेरीज ५४ च राहते आणि सरासरी जाडी बदलत नाही. मात्र उतार बदलतो, लांबच्या बाजूचा मंदावतो. तो वेगळा तपासा.

एक कड शेजाऱ्याच्या भिंतीमुळे २०० मिमी ठेवावी लागली, तर त्या कडेच्या त्रिकोणात २०० अधिक २०० अधिक १२५ धरायचे. शेजारच्या दोन त्रिकोणांचा एकेक कोपराही २०० होतो, हे विसरायचं नाही.

मोबाईलवर एक्सेल असेल तर एका ओळीला एक त्रिकोण लिहा. `B` मध्ये क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, `C`, `D`, `E` मध्ये तीन जाड्या मिलिमीटरमध्ये:

```
=B2*(C2+D2+E2)/3/1000
```

खाली बेरीज घेतली की झालं. क्षेत्रफळांचीही बेरीज करून ती पूर्ण स्लॅबएवढी येते का ते पाहा. एखादा त्रिकोण सुटला असेल तर तिथेच कळतं.

एक इशारा. काही जण साइटवर जाऊन नऊ ठिकाणी जाडी मोजतात, म्हणजे चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि एक केंद्र, आणि नऊंची सरासरी काढतात. इथे ती १६९ मिमी येते. आठ बिंदू कडेचेच आहेत, दुसरं काय येणार? भरपूर मोजमापं घेतली म्हणून उत्तर बरोबर येतं असं नाही.

आधी आकार कुठला ते ठरवा

"आत उतार" म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा आकार असतो. इंजिनिअरचा एक, मेस्त्रींचा दुसरा. आमच्या भागात तर तिसरी अडचण भाषेची. सेंटरिंगची टोळी कन्नड बोलणारी, लोखंडाची मराठी, आणि "जाड कुठं, पातळ कुठं" हे "दप्प" आणि "तेळु" मध्ये ओरडून सांगितलं जातं. कोणीतरी वरून "दप्प इल्ली" म्हणतो आणि खालचा भलत्याच कडेकडे बघतो. म्हणून मी प्लायवर खडूने नुसते आकडे लिहितो. १७५ सगळ्यांना १७५ च कळतं.

आकार कुठला यावर आकडा कसा हलतो ते त्याच ९ बाय ६ च्या स्लॅबवर बघा. पाणी एका बिंदूशी न आणता लांबीभर मधोमध एक सरळ नाळ ठेवली आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतार दिला, तर इथे साधी सरासरी बरोबर चालते. जाडी एकाच दिशेने बदलते, म्हणून १५० आणि ८.१० घनमीटर. साध्या सरासरीची सवय लोकांना लागते ती अशाच स्लॅबमुळे.

तिसरा आकार या दोघांच्या मधला. काही मेस्त्री चारी बाजूंना सारखाच उतार देतात, साठात एक. मग रुंदीच्या बाजूचे उतार मधे भेटतात, पण लांबीच्या टोकाकडून येणारे उतार ३ मीटर आत आल्यावरच तळाला पोचतात. मधे ३ मीटर लांबीची एक नाळ उरते, कौलारू घराचा आढा उलटा करून ठेवल्यासारखी. दोन टोकांचे त्रिकोण प्रत्येकी ९ चौरस मीटरचे, सरासरी १५८.३, मिळून २.८५ घनमीटर. लांब बाजूला समलंब चौकोन येतो, तो दोन त्रिकोणांत तोडायचा. एक साडेतेरा चौरस मीटरचा, दोन कोपरे कडेला आणि एक नाळेवर, त्याचे २.१४ घनमीटर. दुसरा साडेचार चौरस मीटरचा, एक कोपरा कडेला आणि दोन नाळेवर, सरासरी १४१.७ मिमी, त्याचे ०.६४. दोन्ही बाजूंचे मिळून ५.५५. एकूण ८.४० घनमीटर.

म्हणजे त्याच दोन जाड्यांवर ८.१०, ८.४० आणि ८.५५ असे तीन आकडे झाले. नाळवाल्या आकारात आणखी एक गोम आहे: ती ३ मीटरची नाळ स्वतः सपाट राहते आणि तिच्यात पाणी साचतं. तिलाही पाईपकडे थोडा उतार लागतो, तो धरला की आकडा पुन्हा किंचित हलतो.

बीम धरताना

नकाशात बीमची उंची बहुधा स्लॅबची जाडी धरून दिलेली असते. स्लॅब पूर्ण मोजला आणि बीमही पूर्ण उंचीने मोजला तर बीमवरचं काँक्रीट दोनदा धरलं जातं. आपल्या स्लॅबची जाडी जागोजागी वेगळी, मग किती वजा करायचं? खालची बाजू सपाट आहे, तेव्हा सोपं आहे. सेंटरिंग झाल्यावर प्लायच्या पातळीपासून बीमचा पेटारा किती खोल आहे ते टेपने मोजा आणि तेवढंच बीमचं धरा. मामांकडे तो २७५ मिमी खोल आणि २३० रुंद होता. सांध्यावर दोनदा न मोजता सगळ्या बीमची लांबी भरली सुमारे ४३ मीटर, घनफळ २.७२ घनमीटर. स्लॅबसकट ११.२७.

पाईपचं भोक वजा करू नका. चार इंची पाईप म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा हिस्सासुद्धा भरत नाही. मोजमापाच्या भारतीय मानकात, आयएस १२०० मध्ये, ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करत नाहीत. लोखंडाच्या घनफळाचीही करत नाहीत.

सांडलवंडीला तीनेक टक्के धरले तर ११.६ घनमीटर होतात. आता पोती. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं एकास दीड, तीन असं माप धरलं तर एका घनमीटरला आठ पोती आणि वर थोडं लागतं, म्हणजे ९४ पोती. वाळू घनमीटरला ०.४२, खडी ०.८४. एकूण वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास, दोन्ही नावाला वर धरून. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. इंजिनिअरने मिक्स डिझाइन दिलं असेल तर हे माप बाजूला ठेवा आणि त्याचे आकडे घ्या.

मी ८८ पोती आणली होती. चुकीचे ८.१० अधिक बीमचे २.७२, सांडलवंड शून्य धरून ८७ आली आणि एक वर टाकलं. बीम आधी भरून घेतले आणि स्लॅब पुढच्या कडेपासून मागे नेला. संध्याकाळी मागच्या कडेला दोन-सव्वादोन फुटांची पट्टी उरली आणि मिक्सर रिकामा झाला. दुकान बंद, पोती येईपर्यंत अडीच तास गेले. तोवर आधीचं काँक्रीट घट्ट झालं होतं. नवं त्याला चिकटलंच नाही असं नाही, पण सांधा राहिला. त्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या छताला भिंतीला समांतर ओलीची एक सरळ रेघ उमटली, फूटपट्टीने मारल्यासारखी. "पोरा, हे तुझं गणित दिसतंय वर," मामा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून जास्त लागलं.

भरताना उतार खरोखर तसा येतोय का

गणित बरोबर असलं तरी मेस्त्रींच्या हातून आकार बदलला की आकडा बदलतो. कडेच्या फळ्या १७५ वर बसवा, पाण्याच्या नळीने लेव्हल फिरवून खात्री करा. मधे पाईपशी १२५ ची खूण करा आणि चारी कोपऱ्यांपासून व कडांच्या मध्यापासून तिथपर्यंत दोऱ्या ताणा. दोरी साडेचार मीटरवर सैल पडते, म्हणून अर्ध्या वाटेवर सळीचा एक तुकडा उभा करून तिला १५० वर टेकू द्या.

वरच्या लोखंडाला खालून टेकू देणाऱ्या चेअर एकाच मापाच्या आणून चालत नाही. वरचं लोखंड उताराबरोबर उतरतं, तेव्हा अगदी कडेची चेअर मधल्या चेअरपेक्षा ५० मिमी उंच हवी. सगळ्या मधल्या मापाच्या लावल्या तर कडेला वरचं लोखंड काँक्रीटमध्ये खोल बुडतं आणि मधे पृष्ठभागावर डोकावतं. काँक्रीट पडल्यावर हे दिसत नाही, आधीच वाकून बघा.

भरताना सर्वांत उपयोगाचं हत्यार म्हणजे खुणा केलेली एक सळी. १२५, १५० आणि १७५ वर टेप गुंडाळा आणि ओल्या काँक्रीटमध्ये प्लायला टेकेपर्यंत उभी घाला. कड आणि केंद्र बहुतेक बरोबर येतात, कारण तिथे खुणा असतात. चूक होते ती अर्ध्या वाटेवर. तिथे १५० ऐवजी १४० लागलं तर फळीने खरवडताना मेस्त्रींनी उतार सरळ न ठेवता खोलगट केला आहे. काँक्रीट कमी लागतंय म्हणून सगळे खूश होतात, पण पुढे पाईपभोवती जवळजवळ सपाट थाळी तयार होते आणि तिथे पाणी रेंगाळतं. उलट १६० लागलं तर पोट फुगलंय: कडेजवळ पाणी थबकतं आणि पोती संपायच्या मार्गावर असतात. दोन्ही वेळा काँक्रीट ओलं आहे तोवरच फळी फिरवायची.

पोत्यांचा हिशेबही चालता ठेवा. स्लॅब एका टोकाकडून मधोमधपर्यंत आला की बरोबर अर्धं काँक्रीट लागलेलं असायला हवं, कारण आकार दोन्हीकडे सारखा आहे. बीम आधी भरले असतील तर त्यांची पोती वेगळी मोजा. मामांच्या स्लॅबला सांडलवंडीसकट सुमारे ७१ पोती आणि बीमला २३ असा हिशेब बसतो. अर्ध्यावर ३६ च्या जागी ४० रिकामी दिसली तर प्लाय खाली बसलाय किंवा पोट फुगलंय. तेव्हा दुपार असते आणि दुकान उघडं असतं.

दर आणि वजन

आमच्याकडे स्लॅबचा दर बहुधा चौरस फुटावर ठरतो आणि तो पाच इंची स्लॅब मनात धरून सांगितलेला असतो. आपल्या स्लॅबची सरासरी १५८ मिमी म्हणजे सव्वासहा इंच. बोलणी करताना ही सरासरी सांगा, नाहीतर भरण्याच्या दिवशी वाद होतो, आणि कंत्राटदाराचंही चुकत नसतं. आकडे मिलिमीटरमध्येच ठेवा. "सात इंच आणि पाच इंच" म्हटलं की कड १७८ होते, मधली जाडी १२७ होते आणि स्लॅबला ०.१४ घनमीटर जास्त लागतात, म्हणजे एक पोतं आणि वर थोडं.

सगळा स्लॅब १२५ चाच भरला असता तर ६.७५ घनमीटर लागले असते, म्हणून उतारासाठी चढवलेलं काँक्रीट ८.५५ वजा ६.७५, म्हणजे १.८० घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले तर साडेचार टन जास्तीचं वजन कायमचं घरावर बसतं. नवीन घरात इंजिनिअर ते डिझाइनमध्ये धरतो, फक्त त्याला उतार काँक्रीटमध्येच द्यायचाय हे आधी माहीत हवं. जुन्या भिंतींवर नवा स्लॅब टाकणार असाल, तर स्लॅब सारख्या जाडीचा ठेवून उतार वरून वॉटरप्रूफिंगच्या थरात देता येतो का हे विचारा. पण विटांच्या तुकड्यांचा कोबाही हलका नसतो, त्यामुळे दोन्हींचं वजन मांडून मगच ठरवा.

मामांच्या त्या सांध्यावर पुढच्या उन्हाळ्यात वरून वॉटरप्रूफिंग केलं. रेघ आता दिसत नाही, पण रंग दिलेला तेवढा पट्टा अजून थोडा वेगळा दिसतो.